‘आम्ही’, ‘आपण’ आणि आपल्या घरातलं ‘हम’

भाषेवरून आपल्या घरांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. घरातले एखादे वडीलधारे चाचा म्हणतात, “पोरं मराठी शाळेत गेली की डोक्यानंही मराठी होतात, मग तहजीब कुठून राहणार?” आणि गावातले एखादे भल्या मनाचे गुरुजी म्हणतात, “घरात हिंदी-उर्दू बोलत राहिलात तर मनानं इथले कसे होणार?” चाचांना मराठीची भीती वाटते, गुरुजींना उर्दूची. दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत असं वाटतं, पण दोघांचं गृहीतक एकच आहे. माणूस जी भाषा बोलतो, तिच्या साच्यातच त्याचं मन ओतलं जातं, असं दोघंही धरून चालतात.

शिरूर आणि दौंडमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हा पुस्तकी प्रश्न नाही. शिरूरच्या बाजारात मराठी, घरात दखनी, मदरशात उर्दू, रांजणगावच्या एमआयडीसीत उत्तरेकडून आलेल्या कामगारांची हिंदी, आणि दौंडच्या स्टेशनवर तर याहून जास्त भाषा. दिवसातून दहा वेळा आपण भाषा बदलतो. त्या गृहीतकात तथ्य असेल तर दहा वेळा आपलं मनही बदलत असलं पाहिजे. ते तपासून बघायला हवं, आणि त्यासाठी लागणारा पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यातच आहे.

शब्द नाही म्हणजे विचार नाही?

हे मत ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते दोघं अमेरिकेतले. एडवर्ड सपीर हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक, आणि बेंजामिन ली व्होर्फ हे त्यांचे विद्यार्थी. व्होर्फ पोटापाण्यासाठी आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत नोकरी करायचे. होपी नावाच्या आदिवासी भाषेचा अभ्यास करून त्यांनी लिहिलं की, या भाषेत आपण ज्याला काळ म्हणतो त्यासाठी थेट शब्द किंवा रूपं नाहीत आणि त्यामुळे होपी माणसाची काळाची कल्पनाच वेगळी आहे. हे विधान जगभर गाजलं. पुढे १९८३ मध्ये एक्केहार्ट मालोट्की यांनी होपी लोकांच्या भाषेतल्या काळावर सहाशेहून जास्त पानांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. दिवस, ऋतू, आधी, नंतर, उद्या या सगळ्यांसाठी होपीत भरपूर साधनं आहेत, हे त्यात उदाहरणांनी दाखवलेलं आहे.

आपल्याला होपीपर्यंत जायची गरज नाही. उर्दूत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही. मराठीत काल आणि उद्या हे दोन वेगळे शब्द आहेत. यावरून कुणी सहज म्हणेल की उर्दू बोलणाऱ्याला गेलेला आणि येणारा दिवस सारखाच वाटत असणार. पण मग मराठीतला ‘परवा’ घ्या. तो गेलेला परवाही आणि येणारा परवाही. मराठी माणसाला एका दिवसाच्या अंतरावर भूत-भविष्य कळतं आणि दोन दिवसांच्या अंतरावर त्याचा गोंधळ होतो, असं कुणी म्हणणार नाही. “परवा आला” आणि “परवा येईल” यांत क्रियापद काम करतं. “कल गया” आणि “कल जाऊँगा” यांतही तेच होतं.

म्हणजे एखाद्या भाषेत वेगळा शब्द नाही, यावरून बोलणाऱ्याच्या डोक्यात तो विचार नाही असं ठरत नाही. व्होर्फच्या मताचं जे टोकाचं रूप आहे, भाषा म्हणजे मनाचा तुरुंग, ते इथेच निकालात निघतं. आपले चाचा आणि गुरुजी दोघंही नकळत याच टोकाच्या रूपावर उभे आहेत.

पण म्हणून भाषेचा विचारावर काहीच परिणाम होत नाही, असंही लगेच म्हणता येत नाही. प्रश्न जरा वेगळ्या पद्धतीनं विचारावा लागतो.

भाषा काय बोलायला भाग पाडते

रोमन याकबसन या भाषाशास्त्रज्ञानं एक महत्त्वाचा फरक दाखवून दिला. कोणत्याही भाषेत काहीही सांगता येतं, त्यात भाषांचा फरक नाही. फरक असतो तो काय सांगावंच लागतं यात. काही गोष्टी एक भाषा बोलणाऱ्याच्या मर्जीवर सोडते, आणि दुसरी त्याच गोष्टी सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होऊ देत नाही.

मराठीतली अशी एक सक्ती आपण रोज पाळतो आणि तिच्याकडे आपलं लक्षही जात नाही. ती आहे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतली निवड. शिरूरच्या एसटी स्टँडवर दोन मैत्रिणी उभ्या आहेत असं समजा. एक म्हणते, “आम्ही संध्याकाळी दौंडला जाणार आहोत.” यात दुसरी नाही. तिला जायचं असेल तर तिला विचारावं लागेल, “मी पण येऊ का?” पहिली जर म्हणाली, “आपण संध्याकाळी दौंडला जाणार आहोत,” तर दुसरी त्यात आलीच. तिनं आता घरी परवानगी विचारायची आहे. दोन्ही वाक्यांत क्रियापदाचं रूप अगदी तेच आहे. समोरची व्यक्ती आत आहे की बाहेर, याचा सगळा भार त्या एका शब्दावर आहे.

आता हेच प्रमाण उर्दूत म्हणून बघा. “हम शाम को दौंड जा रहे हैं।” समोरचीला धरलंय की नाही? वाक्यावरून कळत नाही. सांगायचं असेल तर “हम सब” म्हणता येतं, “आप भी चलिए” म्हणता येतं. सांगता येतं, पण सांगावंच लागत नाही. मराठीत मात्र तोंड उघडण्याआधीच ठरवावं लागतं की समोरचा आपल्या वर्तुळात आहे की नाही.

ही सोय जगात सगळीकडे नाही. इंग्रजीत नाही, अरबीत नाही, प्रमाण हिंदी-उर्दूत नाही. गुजरातीत आहे, तमिळ आणि तेलुगूत आहे. मराठीत ती पक्की होण्यामागे दक्षिणेच्या द्राविडी भाषांचा शेजार असावा, असं बरेच अभ्यासक मानतात.

पण या सक्तीलाही पळवाटा आहेत, आणि त्या लक्षात घेतल्या नाहीत तर आपणही व्होर्फसारखीच घाई करू. मराठीत सर्वनाम गाळता येतं. “संध्याकाळी दौंडला चाललोय” म्हटलं की निवड टळली. शिवाय ‘आपण’ या शब्दाची कामं अनेक आहेत. “आपण कुठून आलात?” यात तो आदरार्थी ‘तुम्ही’ आहे. “आपण कुणाला घाबरत नाही” असं कट्ट्यावरचा पोरगा म्हणतो तेव्हा तो फक्त स्वतःबद्दल बोलत असतो. तेव्हा प्रत्येक ‘आपण’ म्हणजे मिठी नव्हे. सक्ती खरी आहे, पण ती दोन शब्दांच्या एका जोडीपुरती आहे आणि तिथेही सैल आहे. ‘आमचा’ आणि ‘आपला’ या जोडीत मात्र ती जास्त घट्ट होते, कारण “गाव मोठं आहे” असं बोलून निभावत नाही तेव्हा ‘आमचं गाव’ की ‘आपलं गाव’ हे ठरवावंच लागतं.

आपल्या घरातली बोली काय करते

आता गुरुजींची शंका घेऊ. घरात उर्दू बोलणाऱ्या मुलाला ‘आपण’ची ही सवय लागणारच नाही का?

याचं उत्तर देण्याआधी एक दुरुस्ती करावी लागते. आपण कागदावर उर्दू लिहितो, पण शिरूर-दौंडच्या बहुतेक घरांत बोलली जाते ती दखनी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख मुसलमान आहेत आणि उर्दू ही मातृभाषा नोंदवणारे सुमारे ७५ लाख. जे उर्दू नोंदवतात त्यांतल्याही असंख्य घरांत ‘मुझे’च्या जागी ‘मेरेकू’ असतं, ‘क्यों’च्या जागी ‘कायकू’, आणि नकार द्यायचा तर ‘नक्को’. तो ‘नक्को’ आपल्या मराठी ‘नको’चाच भाऊ. ‘मैंच’ मधला ‘च’ तर सरळ मराठीतून उचललेला.

आणि याच बोलीत ‘अपन’ आहे. “हमलोगां कल दौंड जारे” म्हटलं की ऐकणारा त्यात नाही. “अपन कल दौंड जायेंगे” म्हटलं की तो त्यात आला. उर्दूच्या पुस्तकात नसलेला भेद दखनीत आहे. कुणी शिकवला नाही, व्याकरणाच्या वर्गात सांगितला नाही. पिढ्यान्‌पिढ्या मराठी शेजाऱ्यांबरोबर राहताना तो रुजला. गंमत म्हणजे ‘अपन’, ‘अपना’, ‘आप’, ‘आपण’, ‘आपला’ हे सगळे शब्द मुळात एकाच ‘आत्मन्’ या जुन्या शब्दाची लेकरं आहेत. सामान घरातच होतं, ते कशासाठी वापरायचं हे शेजारानं शिकवलं.

हा निव्वळ आपला अंदाज नाही. १९७१ मध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातल्या एका गावाबद्दल लिहिलं. त्यांच्या लेखात गावाचं नाव कुपवार असं आहे. तिथले जैन आणि लिंगायत घरात कन्नड बोलत, मुसलमान उर्दू बोलत आणि मराठी सगळ्यांमधली सामाईक भाषा होती. शेकडो वर्षं प्रत्येकानं आपल्या घरची भाषा सोडली नाही. पण या भाषांची वाक्यरचना आतून इतकी सारखी होत गेली की, एका भाषेतलं वाक्य तुकड्याला तुकडा लावत दुसऱ्या भाषेत नेता येतं, असं त्यांना आढळलं. शब्द वेगळे, पण शब्दांची रांग आणि व्याकरणाचे खटके एकच. कुपवारच्या उर्दूत मराठीसारखे दोन ‘आम्ही’ आले होते, ही त्यांतली एक नोंद.

हे आपल्या बोलीवर करून बघा. “बारिश आती बोलके छत्री लिया.” “पाऊस येतोय म्हणून छत्री घेतली.” ‘बोलके’ आणि ‘म्हणून’ दोन्ही मुळात ‘बोलून’ या अर्थाचे, दोन्ही इथे कारण सांगतात, दोन्ही त्याच जागी बसलेत. लखनौचा माणूस असं म्हणणार नाही. तो कारण सांगायला ‘इसलिए’ किंवा ‘चूँकि’ शोधेल. म्हणजे शिरूरच्या खाला आणि त्यांच्या शेजारच्या मावशी यांची वाक्यं घडवण्याची सवय जास्त जवळची आहे. खाला आणि लखनौचे उर्दू बोलणारे गृहस्थ यांची तितकी नाही. शब्द ऐकून आपण भाषांमध्ये भिंत बांधतो, पण बोलताना डोकं ज्या वाटेनं जातं ती वाट भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच आहे.

गुरुजींना आणि चाचांना, दोघांनाही हे सांगायला हवं. ‘मराठी मन’ आणि ‘उर्दू मन’ अशी दोन मनं समोरासमोर उभी करायची, तर दखनी बोलणारं मूल कुठे बसवणार? भाषेनं सवय लागत असेल, तर ती सवय इथल्या मातीत केव्हाच लागून गेलेली आहे. तिला नाव उर्दूचं आहे, एवढंच.

सवय खरंच लागते का, हे कसं ओळखायचं

इथपर्यंत आपण बोलण्याबद्दल बोललो. बोलताना भेद करावा लागतो, म्हणून बोलायच्या तयारीत आपलं लक्ष त्या भेदाकडे जातं, हे पटण्यासारखं आहे. डॅन स्लोबिन यांनी याला ‘बोलण्यासाठीचा विचार’ अशा अर्थाचं नाव दिलं. पण तोंड मिटल्यावरही तो परिणाम उरतो का, हा खरा कठीण प्रश्न आहे.

याचं एक चांगलं मोजमाप रंगांच्या बाबतीत झालं. रशियन भाषेत फिकट निळा आणि गडद निळा यांना दोन वेगळी नावं आहेत आणि निवड करावीच लागते. २००७ मध्ये जोनाथन विनावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रशियन आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना निळ्या रंगाचे तीन चौकोन दाखवले आणि खालच्या दोनांपैकी वरच्यासारखा कोणता ते पटकन ओळखायला सांगितलं. चुकीचा चौकोन दुसऱ्या नावाच्या निळ्यात पडत असेल, तेव्हा रशियन बोलणारे थोडे जलद उत्तर देत. इंग्रजी बोलणाऱ्यांत हा फायदा दिसला नाही. मग त्याच लोकांना मनात आकडे घोकत घोकत तेच काम करायला सांगितलं. जीभ आतल्या आत गुंतल्यावर रशियन बोलणाऱ्यांचा फायदा गेला. म्हणजे भाषेचा परिणाम खरा होता, पण लहान होता, आणि मनातल्या मनात भाषा चालू असेपर्यंतच टिकत होता. डोळे बदलले नव्हते.

दुसरी खबरदारी दिशांची. ऑस्ट्रेलियातली गुगु यिमिथिर ही भाषा बोलणारे डावं-उजवं म्हणण्याऐवजी पूर्व-पश्चिम म्हणतात आणि त्यांचं दिशेचं भान विलक्षण असतं. हे भाषेमुळे, असं वाटतं. पण एरिक पेडरसन यांना तमिळनाडूत असं दिसलं की, खेड्यातले तमिळ बोलणारे दिशांची नावं घेतात आणि शहरातले डावं-उजवं म्हणतात. भाषा एक, सवयी दोन. आपल्या तालुक्यांतही हे दिसेल. दौंडचा ऊस पिकवणारा शेतकरी “उत्तरेच्या बांधाला” म्हणतो, कारण जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा दिशांनी लिहिलेली असते आणि बांधाचं भांडण दिशांनीच मिटवावं लागतं. त्याचा शहरात नोकरीला गेलेला मुलगा तीच मराठी बोलतो आणि “लेफ्ट घे” म्हणतो. आपल्या घरांत तर पश्चिम कुठे हे लहान मुलालाही ठाऊक असतं, कारण किब्ला तिकडे आहे. ते ज्ञान मराठीनं दिलं नाही आणि उर्दूनंही दिलं नाही. ते रोजच्या नमाजच्या सवयीनं दिलं. भाषा आणि सवय एकत्र दिसल्या की भाषेला श्रेय द्यायची घाई होते, पण बऱ्याचदा मूळ कामात किंवा रिवाजात असतं.

या दोन्ही धड्यांवरून ‘आम्ही-आपण’ची चाचणी कशी असावी ते ठरवता येतं. भाषेच्या पदवीला असलेली आपली मुलं-मुली ती शिरूर-दौंडमध्ये करू शकतील. काही माणसांची एक चित्रकथा घ्यायची, शब्द अजिबात नाहीत. सहलीला जाणारा गट आहे, आणि एक माणूस कधी गटात आहे, कधी बाजूला उभा राहून बघतोय. दहा मिनिटांनी विचारायचं, कोणत्या चित्रात तो बरोबर होता? घरात मराठीच बोलणारे, घरात दखनी बोलणारे आणि उत्तरेतून आलेले, फक्त ‘हम’ म्हणणारे, अशा तिघांची उत्तरं ताडून बघायची. अर्ध्या लोकांना चित्रं बघताना उलटे आकडे मोजायला लावायचे. पहिल्या दोघांची आठवण सरस निघाली आणि आकडे मोजताना तो फरक गेला, तर भाषेचा हात आहे असं म्हणता येईल. तरी एक धोका उरतोच. परक्या गावात नव्यानं आलेला कामगार कोण कोणाबरोबर आहे याकडे तसाही जास्त लक्ष देतो, कारण त्याला ते गरजेचं असतं. त्याची आठवण चांगली निघाली तर ती भाषेची नव्हे, परकेपणाची कमाई असेल. म्हणून वय, शिक्षण आणि गावात किती वर्षं झाली हे सारखं असलेली माणसंच एकमेकांशी ताडून बघावी लागतील.

भाषा विचारते, उत्तर आपण देतो

माझं मत असं की ‘आम्ही-आपण’चा भेद कुणाला उदार करत नाही आणि कुणाला संकुचितही करत नाही. व्याकरणात ‘आपण’ असल्यानं समाज जोडला जात असता, तर महाराष्ट्रात एकही दंगल झाली नसती. आणि ‘हम’मध्ये समोरचा आत की बाहेर हे झाकलेलं राहतं, म्हणून उर्दू बोलणारा सगळ्यांना धरून चालतो असंही नाही. भाषा फक्त एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर ठेवते. उत्तर बोलणाऱ्याचं असतं.

पण तो प्रश्न ऐकू येतो, हे मराठीचं आपल्यावरचं मोठं देणं आहे. गावच्या सभेत कुणी म्हणतं, “आमच्या गावात मुस्लिमही राहतात.” समोर बसलेल्या मुसलमान पोराला त्या ‘आमच्या’मध्ये आपण नाही हे तत्क्षणी कळतं. तेच वाक्य “आपल्या गावात” असं सुरू झालं असतं तर तो त्यात असता. बोलणारा वाईट नसेल, त्यानं विचारही केला नसेल. पण मराठीत ही चूक लपत नाही, आणि जी लपत नाही ती दाखवून देता येते. “सरपंच, ‘आमच्या’ नाही, ‘आपल्या’ म्हणा,” एवढं हसत म्हणणं पुरेसं असतं.

हेच आपल्याला स्वतःलाही लागू आहे. वर्गातल्या मित्राला आपण किती सहज म्हणतो, “आमच्यात असं नसतं.” कधी ते खरं असतं आणि सांगायलाच हवं. निकाह कसा होतो हे सांगताना ‘आमच्यात’ म्हणण्यात काही गैर नाही. पण गावातल्या पाण्याच्या प्रश्नावर, शाळेच्या दुरुस्तीवर, तालुक्याच्या दवाखान्यावर बोलतानाही जर तोंडात ‘आम्ही मुसलमान’ येत असेल, तर क्षणभर थांबून विचारायला हवं की इथं समोरच्याला बाहेर ठेवण्याचं कारण काय? पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत मोहरमच्या ताबुतांना हिंदू घरंही हातभार लावतात आणि ‘आपले ताबूत’ म्हणतात. तो शब्द व्याकरणानं दिला, पण तिथं वापरायचा हे त्या माणसांनी ठरवलं.

चाचांना सांगावंसं वाटतं की मराठी शाळेत गेलेलं पोर तहजीब विसरलं तर ते मराठीमुळे नसेल. घरात तिचा रिवाज थांबला असेल, दुसरं काही नाही. आणि गुरुजींना सांगावंसं वाटतं की या पोरांच्या दखनीला कमी लेखू नका. त्या बोलीत ‘अपन’ आहे. तो तुमच्याच ‘आपण’चा अर्थ घेऊन, तुमच्याच शेजारात राहून तयार झालाय. मुलांना मराठी जरूर उत्तम शिकवा, पण ती त्यांना इथलं बनवण्यासाठी नको. ती इथलीच आहेत, हे त्यांच्या घरातलं सर्वनामच सांगतंय.